सरासरी खाली आली म्हणजे पैसे सुटले असं नाही

दरमहा ठरलेली रक्कम म्युच्युअल फंडात भरत राहायची, ती एसआयपी. तिच्याबद्दल हे नेहमी ऐकू येतं: "एसआयपीत तोटा होऊच शकत नाही. बाजार पडला की जास्त युनिट मिळतात, त्यामुळे आपली सरासरी किंमत कायम बाजारभावाच्या खाली राहते. एकरकमी भरण्यापेक्षा नेहमी जास्तच मिळतं. फक्त थांबू नका."

सरासरीपासून सुरुवात करतो, कारण त्यात अर्धं खरं आहे. रक्कम ठरलेली असली की एनएव्ही, म्हणजे फंडाच्या एका युनिटचा भाव, स्वस्त असताना जास्त युनिट येतात आणि महाग असताना कमी. म्हणून आपली खरेदीची सरासरी त्या महिन्यांच्या एनएव्हींच्या साध्या सरासरीपेक्षा कमीच पडते. हे गणित आहे, ते चुकत नाही. पण ही तुलना मागच्या भावांशी झाली. पैसे काढताना मिळतो तो त्या दिवसाचा भाव.

बडोद्याच्या दांडिया बाजारात समोरासमोर राहणारे दोन शेजारी धरा. दोघांनी दरमहा 5,000 असे पाच हप्ते भरले, म्हणजे 25,000. पहिल्याला एनएव्ही मिळाली 50, 40, 25, 40, 50. दुसऱ्याला तेच आकडे वेगळ्या क्रमाने: 40, 50, 50, 40, 25. दोघांकडे 650 युनिट, दोघांची सरासरी 38.46, आणि एनएव्हींची साधी सरासरी 41. शेवटच्या हप्त्याच्या दिवशी पहिल्याचे झाले 32,500, दुसऱ्याचे उरले 16,250. सरासरी पैशालाही वेगळी नाही, तरी एक साडेसात हजारांनी वर आणि दुसरा पावणेनऊ हजारांनी खाली. त्यामुळे स्टेटमेंटवर सरासरी किंमत दिसली की तिच्याशेजारी आजची एनएव्ही वाचायची. आजची एनएव्ही कमी असेल तर त्या घडीला तोटा आहे, मग युनिट कितीही जमलेले असोत.

एकरकमीचं उत्तर याच आकड्यांत आहे. पहिल्या शेजाऱ्याने सगळे 25,000 सुरुवातीला 50 ला लावले असते तर शेवटी 25,000 च राहिले असते. तिथे एसआयपी सरस ठरली. पण क्रम 25, 40, 40, 50, 50 असता तर एकरकमीचे 50,000 झाले असते आणि हप्त्यांचे तेच 32,500. चढत्या बाजारात थांबलेले पैसे मागे पडतात, एवढंच. आणि पगारदाराच्या हातात मुळात एकरकमी नसतेच, पगार येतो तसा तो भरतो. "आज घेऊ की पुढच्या महिन्यात" या घोळातून एसआयपी त्याला सोडवते. तिचं खरं काम हे आहे आणि माझ्या मते ते लहान नाही.

आता मला सगळ्यात जास्त खुपणारी गोष्ट. सरासरीचा जोर सुरुवातीला असतो, नंतर तो विरत जातो. पाचव्या महिन्याचा हप्ता तोवर भरलेल्या पैशाचा पाचवा भाग असतो. दहा वर्षांनी 120 हप्ते भरून समजा 10 लाख जमले आणि बाजार 30 टक्के पडला, तर 3 लाख एका झटक्यात जातात. पुढचा 5,000 चा हप्ता स्वस्तात पडेल हे खरं, पण उरलेल्या 7 लाखांपुढे तो एक टक्काही नाही. त्या वेळी भरपाई होते ती बाजार सावरला तरच, नवीन हप्त्यांनी नाही. फंड एकाच क्षेत्राचा असेल आणि ते क्षेत्रच मागे पडलं असेल तर तीही खात्री धरता येत नाही.

"थांबू नका" म्हणणं सोपं आहे. माझ्या मावसभावाचं रावपुऱ्यात दुकान आहे. जानेवारी 2018 पासून मार्च 2020 पर्यंत त्याने निफ्टीच्या इंडेक्स फंडात 27 हप्ते भरले, एकूण 1,35,000. 23 मार्च 2020 ला निफ्टी 7,610 वर बंद झाला, पाठोपाठ लॉकडाउन लागलं. दुकानाला कुलूप, गोदामाचं भाडं मात्र चालू. एप्रिलच्या सुरुवातीला त्याने सगळे युनिट विकले, हाती लाखाच्या आसपास आले. त्याच नोव्हेंबरात निफ्टी जानेवारीतल्या उच्चांकाच्या पुढे गेला. त्याने हप्ता एकही चुकवला नव्हता. पैसे लागण्याची तारीख मात्र त्याच्या हातात नव्हती, आणि सरासरीला ती तारीख कळत नाही.

हल्ली तो सहा महिन्यांचं भाडं आणि घरखर्च बँकेच्या एफडीत वेगळा ठेवतो. एसआयपी पुन्हा सुरू केली आहे. मुलीच्या कॉलेजला तीन वर्षं उरली की तेवढी रक्कम इक्विटी फंडातून थोडीथोडी कमी चढउताराच्या लिक्विड फंडात हलवायची, असं आम्ही दोघांनी बसून ठरवलंय. पहिला हप्ता कुठल्या महिन्यात हलवायचा तेही वहिनीने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरमागे लिहून ठेवलंय.