एअर बेड आणला तरी कूस बदलावीच लागते

"अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी घरात एअर बेड, रबरी रिंग, कापूस, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि पावडर असली की पुरे. एअर बेडवर कूस बदलावी लागत नाही. जागा लाल झाली तर तेल लावून चोळा, जखम झाली तर उघडी ठेवून वाळवा."

या सल्ल्यातला एअर बेड घ्याच. पण त्याने हाडाखालचा दाब कमी होतो, नाहीसा होत नाही. माझ्या सासूबाई पक्षाघाताने झोपून होत्या. एअर बेडच्या भरवशावर आम्ही रात्रभर त्यांना हलवलं नाही. आठव्या दिवशी माकडहाडावर लाल डाग दिसला. नर्सताईंनी त्यावर बोट दाबून उचललं. निरोगी कातडी दाबल्यावर क्षणभर फिकी पडते, ही लालच राहिली, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमेची, बेडसोरची सुरुवात झाली होती. मग त्यांनी गादीखाली, कमरेच्या जागी तळहात सरकवला, तर अंग जवळजवळ हाताला टेकलं. पंपाचा दाब त्यांच्या वजनाला कमी पडत होता. तो वाढवला आणि दर दोन तासांनी कूस बदलायला लागलो: पाठीमागे उशी लावून अंग थोडंसं कलतं, पूर्ण कुशीवर नाही, कारण तिथे सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो.

इथे यादीत न आलेली वस्तू लागते: खांद्यापासून मांड्यांपर्यंत पोचेल अशी दुहेरी घडी घातलेली चादर. दोघांनी तिच्या कडा धरून माणूस उचलायचा. ओढलं की कातडी गादीला धरून राहते आणि आतलं मांस सरकतं. जखम तिथूनच सुरू होते. टाचांसाठी पोटरीखाली उशी, म्हणजे टाच अधांतरी राहते.

रबरी रिंग नकोच, तिच्या कडेचा दाब भोवतालचा रक्तपुरवठा अडवतो. लाल जागा चोळूही नका, खालच्या नाजूक रक्तवाहिन्यांना आणखी इजा होते.

स्पिरिट आणि पेरॉक्साइड जंतूंबरोबर नव्याने भरणारं मांसही जाळतात. जखम नॉर्मल सलाइनने धुवा. कापसाचे धागे आत अडकतात, म्हणून निर्जंतुक गॉझ वापरा. वाळवण्याचं म्हणाल, तर खपली धरलेल्या जखमेपेक्षा किंचित ओलसर राहिलेली जखम लवकर भरते. उथळ जखमेवर चिकट कडेचं फोम ड्रेसिंग लावतात. त्यातली ओल कडेपर्यंत पोचली किंवा आत शी-लघवी शिरली की बदलायचं. काळी पडलेली, वास येणारी, पू असलेली किंवा खोल जखम मात्र घरी हाताळू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

पावडर घामाने गोळा होऊन जांघेत घासते. त्याऐवजी झिंक ऑक्साइडच्या क्रीमचा पातळ थर द्या. डायपर दर तीन-चार तासांनी बघा, आणि शी झाली असेल तर लगेच बदला.