माल फुटला? आधी सीएचएला झापा!

हॅम्बुर्गहून न्हावा शेवाला एलसीएलने, म्हणजे इतरांच्या मालासोबत एकाच कंटेनरमधून, आलेलं १२ लाखांचं, ३०० किलोचं टेस्टिंग मशीन चाकणच्या शेडमध्ये उघडलंत आणि बेडला तडा दिसला, तर पहिला फोन सीएचएला, म्हणजे कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटाला, लावा आणि मनसोक्त झापा. त्याने बिल ऑफ एंट्री भरली, ड्यूटीचं बघितलं, तपासणीला उभा राहिला. तपासणीत त्याच्या माणसांनी क्रेट हलगर्जीपणे उघडली असेल तर गोष्ट वेगळी. एरवी तडा जाण्याशी त्याचा काय संबंध? पण फोन उचलतो ना, मग झालं.

माल आणायची व्यवस्था करणाऱ्या फॉरवर्डरचं हाऊस बिल, म्हणजे त्याने दिलेला वाहतुकीचा कागद, मात्र उघडून बघू नका. उगाच खाली सहीजवळ नजर जायची. ‘कॅरियर’ म्हणून सही असेल, तर जहाज त्याच्या मालकीचं नसलं तरी तुमच्यापुरता वाहतूकदार तोच, आणि दावा त्याच्यावरच. ‘एजंट’ म्हणून सही असेल, तर कोणाचा एजंट ते तिथेच लिहिलेलं असतं. जहाज कंपनीचं मास्टर बिल फॉरवर्डरच्या नावावर असतं. त्यात तुमचं नाव नसतं. तरी तक्रार थेट जहाज कंपनीला पाठवा. तेवढेच चार आठवडे जातील.

सीएफएसमध्ये, म्हणजे कंटेनर रिकामा होतो त्या गोदामात, डिलिव्हरी घेताना क्रेटचा कोपरा चेपलेला आहे, शॉक इंडिकेटर लाल झालाय? दुर्लक्ष करा. ट्रकवाला घाईत असतो, बिचारा. पावतीवर शेरा न मारता सही ठोका. मग जहाजवाला आणि फॉरवर्डर एकमुखाने सांगतील की मशीन बोरघाटात आपटलं, आणि ट्रकवाला म्हणेल की क्रेट मिळाली तेव्हाच तशी होती. नुकसान बाहेरून दिसत नसेल तर लेखी नोटिशीला तीन दिवस असतात. ती चुकवली म्हणून दावा बुडत नाही, पण माल धड मिळाला असंच धरलं जातं आणि उलटं सिद्ध करणं तुमच्या गळ्यात पडतं. सर्व्हेअर यायच्या आत क्रेटची लाकडं भंगारात घाला. पॅकिंगच कच्चं होतं, असं वाहतूकदाराला निवांत म्हणता येईल.

मालाचा विमा वाचवलात, हे तर छानच. सागरी वाहतुकीच्या प्रचलित नियमांनी भरपाईला मर्यादा आहे, तीही एसडीआर या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या हिशेबी एककात: दर नगाला ६६६.६७ एसडीआर किंवा दर किलोला २ एसडीआर, यांतलं जे जास्त ते. तुमच्या ३०० किलोचे होतात ६००, म्हणजे मिळणार ६६६.६७, साधारण ८० हजार रुपये. तेही जिंकलात तर.

आणि दाव्याची घाई कशाला? फॉरवर्डर ‘बघतोय’ म्हणतोय, तर दर महिन्याला गोड आठवण करा. मुदतवाढ लेखी मागू नका, संबंध बिघडतात. डिलिव्हरीपासून एक वर्ष उलटलं की दाव्याचा हक्क संपतो. तेराव्या महिन्यात त्याचं उत्तर न चुकता येईल, आणि यावेळी वकिलामार्फत.