पीपीटी जवळपास झालीच आहे, बस थोडंच राहिलं

"भाऊ, पीपीटी जवळपास झालीच आहे, बस थोडंच राहिलं, पाहून घेजो," एवढं बोलून तुमचा सहकारी संध्याकाळी पाचला गोंदियाला साक्षगंधासाठी निघून गेला, तर घाबरायचं कारण नाही. फाइलचं नाव Final_New_Final2.pptx आहे, म्हणजे ती किमान दोनदा पूर्ण झालेली आहे. स्लाइडी 34, बैठक उद्या सकाळी 11 वाजता, वेळ 20 मिनिटं. समोर असेल काटोलकडच्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचं संचालक मंडळ. संत्रा साध्या ट्रकने मुंबईला पाठवायचा की तुमच्या कंपनीच्या थंड गाडीने, हे त्यांना ठरवायचं आहे.

सर्वांत आधी, सहकाऱ्याला फोन करू नका. गाडी अजून भंडाऱ्याच्या अलीकडे असेल, फोनला रेंज असेल, आणि तो उचलण्याचाही धोका आहे. काही घाबरट माणसं अशा वेळी तीन प्रश्न विचारून मोकळी होतात: बैठक संपताना मंडळाने नेमकं कशाला 'हो' म्हणायचं आहे, आकडे कोणत्या एक्सेल फाइलमधले आहेत, आणि यातलं काय त्यांना आधीच कबूल करून बसलो आहोत. पाच मिनिटांत एवढं कळलं तर रात्रभर करायला उरतं काय?

फोन टाळला की थेट पहिल्या स्लाइडला हात घाला. लोगो जरा उजवीकडे, केशरी रंग जरा गडद. नऊ वाजेपर्यंत मुखपृष्ठ असं देखणं होईल की बाकीच्या 33 स्लाइडींची आठवणही राहणार नाही. उलट्या डोक्याचे लोक आधी फाइलची प्रत काढतात, Outline View उघडतात आणि नुसते मथळे ओळीने वाचतात. त्यांना मग नको ते दिसतं: 'आढावा' हा मथळा तीनदा आहे, 'विश्लेषण' दोनदा, आणि किती गाड्या, किती महिने, कोणत्या दराने हे सांगणारी स्लाइड 31वी आहे. वीस मिनिटांतली निम्मी प्रश्नोत्तरांत जाणार असतील, तर दहाव्या स्लाइडपुढे कुणी पोचत नाही. म्हणून ही माणसं 31वी उचलून दुसऱ्या जागी ठेवतात. मग संचालकांना पहिल्या दोन मिनिटांतच कळतं की आपल्याला कशासाठी बोलावलंय, आणि सगळा सस्पेन्सच संपतो.

आता आकडे. त्यांना तर अजिबात हात लावू नका, कारण हात लावला की ते बोलायला लागतात. सातव्या स्लाइडवर लिहिलंय, वाटेत 15 टक्के माल खराब होतो. एकोणिसावीवर तोच माल 18 टक्के खराब होतो. तुम्ही चतुर असाल तर सरासरी काढून दोन्हीकडे साडेसोळा कराल. सरासरी नेहमीच प्रामाणिक दिसते.

खटपट्या माणूस चार्टवर राइट क्लिक करून Edit Data दाबतो. सातव्या स्लाइडचा तक्ता उघडतो: 500 क्रेट भरले, 75 खराब निघाले, म्हणजे 15 टक्के. एकोणिसावीला मात्र The linked file isn't available असा संदेश येतो. चार्ट एक्सेलमधून लिंक करून चिकटवलेला आहे आणि मूळ फाइल सहकाऱ्याच्या D ड्राइव्हवर आहे. चित्र तरी दिसतं, कारण शेवटी आलेले आकडे पीपीटी धरून ठेवते. म्हणूनच तर मेलेला चार्ट ओळखू येत नाही. त्यावर Data Labels लावले की तेच 75 दिसतात, फक्त ते विकल्या गेलेल्या 425 क्रेटशी ताडून पाहिलेले असतात. पंचाहत्तर भागिले 425, साधारण 18 टक्के. म्हणजे दोन्ही आकडे बरोबर, भाजक वेगळा.

गंमत इथे संपत नाही. अठ्ठावीसाव्या स्लाइडवरची बचत काढताना कुणीतरी हे 18 टक्के उचलून भरलेल्या 500 क्रेटना लावलेत. उत्तर 90. म्हणजे मुळात खराबच न झालेले 15 क्रेट थंड गाडी दर फेरीला वाचवणार आहे! शिवाय नव्वदच्या नव्वद वाचतील असं धरलंय. क्रेट काठोकाठ भरून एकावर एक रचल्याने जे फळ दबतं, ते थंड गाडीतही दबलेलंच राहतं. हे संचालकांना सांगायची गरज नाही, कारण त्यांच्यातले निम्मे स्वतः गाडी भरताना उभे असतात. खटपट्या मात्र 19वी काढतो, सातवीवर 'भरलेल्या मालाच्या' असे दोन शब्द घालतो, 28वीवर '75 पैकी किती वाचतील' असा हिशेब नव्याने मांडतो, आणि बचत घटल्यामुळे दराच्या स्लाइडशी ती अजून जुळते का तेही तपासतो. एवढ्यात रात्रीचे दहा वाजतात. रंग बदलायला वेळच उरत नाही बिचाऱ्याला.

बारावी स्लाइड समृद्धी महामार्गाची. नकाशा सुंदर आहे, नागपूर ते शिर्डी 520 किलोमीटर, खाली 'पुढील टप्पा लवकरच'. ही ठेवाच. हा टप्पा डिसेंबर 2022 मध्ये खुला झाला होता आणि पूर्ण 701 किलोमीटरचा रस्ता जून 2025 मध्ये. पण नकाशा छान आहे ना? एखादे काका विचारतील, "लवकरच काहून म्हणून राहिला, आमची गाडी तर रोजच जाते." तेव्हा हसून पुढची स्लाइड लावायची. पुढच्या स्लाइडवर प्रवासाचे तासही त्याच जुन्या रस्त्याचे आहेत, हे त्यांच्या लक्षात यायला अर्धा मिनिट तरी लागेल.

मराठी स्लाइडी तीन. तुमच्या लॅपटॉपवर त्या ukxiwj अशा दिसत असतील तर ती संचालकांना गुप्त संदेश म्हणून दाखवता येईल. सहकाऱ्याने नागपूर हा शब्द कृतिदेवमध्ये टाइप केलाय आणि तो फॉन्ट तुमच्याकडे नाही. फॉन्ट टाकला तर तुमच्याकडे नीट दिसेल, बैठकीतल्या मशीनवर पुन्हा ukxiwj. तीनच स्लाइडी आहेत, युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करायला अर्धा तास पुरतो. पण गुपितं फोडू नयेत.

शेवटी, नको असलेल्या स्लाइडी. डिलीट करू नका, सहकाऱ्याला वाईट वाटेल. फक्त Hide Slide दाबा. खटपट्या लोक काय करतात, प्रश्न आले तर लागतील अशा चार-पाच शेवटच्या स्लाइडच्या मागे नेऊन ठेवतात, बाकीच्या मूळ फाइलमध्ये राहू देतात आणि पाठवायच्या प्रतीतून सरळ काढून टाकतात. त्यानंतर Inspect Document चालवून कॉमेंट आणि नोट्स शोधतात. सातव्या स्लाइडचा जिवंत चार्टसुद्धा चित्र करून चिकटवतात, कारण त्याच्या पोटात पूर्ण एक्सेल फाइल असू शकते, तुमच्या खर्चाच्या शीटसकट. इतका संशयी स्वभाव बरा नव्हे. तुम्ही आहे तीच फाइल बैठकीनंतर अध्यक्षांना मेल करा. एकविसाव्या लपवलेल्या स्लाइडच्या नोट्समध्ये सहकाऱ्याने लिहून ठेवलंय, 'याच्या खाली दर उतरवायचा नाही', आणि पुढे आकडा. अध्यक्ष त्याच आकड्यावरून बोलणी सुरू करतील.