रुपया ७५ वर बांधायचा, तर ठाण्यातल्या गृहकर्जाचा हप्ता कोण ठरवणार?

“दुबईचा दिरहम वर्षानुवर्षे डॉलरला ३.६७ वरच आहे, तरी तिथे पैसा न्यायला-आणायला कोणी अडवत नाही. आपल्या रिझर्व्ह बँकेकडे तर ६०० अब्ज डॉलर पडून आहेत. रुपया ७५ वर बांधा, पैसा मोकळा सोडा आणि कर्जेही स्वस्त करा. फक्त इच्छाशक्ती हवी!” घोडबंदर रस्त्यावरच्या सोसायट्यांच्या गटांत सध्या हा संदेश फिरतो आहे.

दिरहमचे उदाहरण खरे आहे, पण अर्धवट सांगितले आहे. मार्च २०२२ ते जुलै २०२३ या काळात अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने व्याजदर सव्वापाच टक्क्यांनी वाढवला आणि अमिरातीच्या मध्यवर्ती बँकेनेही आपला दर तेवढाच, म्हणजे ०.१५ वरून ५.४० टक्क्यांवर नेला. तिथली महागाई किंवा तिथले कर्जदार यांचा विचार करून तो दर ठरलेला नव्हता. तो वॉशिंग्टनमध्ये ठरला. तेलाचा पैसा डॉलरमध्येच येत असल्याने अमिरातीला हा सौदा परवडतो. त्याच काळात आपल्याकडचा रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने उसने देते तो दर, ४ वरून ६.५० टक्क्यांपर्यंत, म्हणजे अडीच टक्केच वाढला, आणि रुपया मात्र सुमारे ७५ वरून ८२ च्या पुढे घसरला.

आता संदेशातली योजना प्रत्यक्षात चालवून पाहू. रुपया ७५ वर पक्का आहे, पैसा बाहेर नेण्यास बंदी नाही, इथला दर ४ टक्के आहे आणि अमेरिकेतला सव्वापाच. एखादी कंपनी इथे ७५ कोटी रुपये कर्ज काढील, रिझर्व्ह बँकेकडून १ कोटी डॉलर घेईल आणि ते अमेरिकेत ठेवील. वर्षाअखेरीस त्या डॉलरचे ७८.९४ कोटी रुपये होतील, कर्ज फेडायला ७८ कोटी लागतील, आणि ९४ लाख रुपये काहीही जोखीम न घेता हाती उरतील; कारण विनिमय दराची हमी खुद्द रिझर्व्ह बँकेनेच दिलेली आहे. असे करणारी ती एकच कंपनी नसेल. अशा प्रत्येक व्यवहारात १ कोटी डॉलर बाहेर जातात आणि ७५ कोटी रुपये रिझर्व्ह बँकेत जमा होऊन बाजारातून नाहीसे होतात. रुपयांची चणचण झाली की इथले व्याजदर आपोआप चढतात आणि ते अमेरिकेच्या दराजवळ पोहोचेपर्यंत ही रीघ थांबत नाही. रिझर्व्ह बँकेने रोखे विकत घेऊन ते रुपये बाजारात परत सोडले, तर व्याज खालीच राहते खरे, पण मग नफ्याची वाटही उघडीच राहते आणि डॉलर वाहतच राहतात.

तेव्हा प्रश्न उरतो तो गंगाजळी किती दिवस पुरेल एवढाच. ६०० अब्ज डॉलर म्हणजे ७५ च्या दराने ४५ लाख कोटी रुपये. देशातल्या बँकांमधल्या ठेवी २०२२ मध्येच १५० लाख कोटींहून अधिक होत्या; त्यातल्या तीन-दशांश ठेवींनी डॉलर मागितले की तिजोरी रिकामी. शिवाय हे डॉलर “पडून” नाहीत, कारण देशावरचे परकीय कर्जही तेव्हा जवळपास तेवढेच होते. गंगाजळीने घसरण सावकाश करता येते, आणि २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने डॉलर विकले तेही त्यासाठीच. एखादा आकडा कायम धरून ठेवणे हे वेगळे काम आहे.

“कर्जेही स्वस्त करा” हा भाग तर सरळ उलटा पडतो. वीस वर्षांच्या मुदतीचे, ५० लाखांचे, रेपोशी जोडलेले ६.७ टक्क्यांचे गृहकर्ज घ्या. महिन्याचा हप्ता सुमारे ३७,९०० रुपये येतो. मुदत तीच ठेवून अडीच टक्क्यांची वाढ धरली, तर तो ४५,६०० होतो. दिरहमसारखा रुपया बांधून फेडरल रिझर्व्हमागे सव्वापाच टक्के चढलो असतो, तर तोच हप्ता ५५,००० च्या घरात गेला असता. रुपया घसरल्याने पेट्रोल आणि खाद्यतेल महागते ही तक्रार रास्तच आहे. पण स्थिर रुपयाची किंमत कोणाच्या खिशातून जाणार, हे संदेशात कुठेच नाही.

इच्छाशक्तीचे म्हणाल, तर २०१३ च्या पावसाळ्यात ती दाखवून झाली आहे. रुपया कोसळू लागताच रिझर्व्ह बँकेने जुलैमध्ये रेपो ७.२५ वरच ठेवून बँकांना तातडीने उसने घेण्याचा दर १०.२५ टक्क्यांवर नेला. ऑगस्टमध्ये प्रत्येक नागरिकाला वर्षाला परदेशी पाठवता येणारी रक्कम २ लाख डॉलरवरून ७५ हजारांवर आणली. म्हणजे रुपयाचे एक टोक धरण्यासाठी स्वस्त व्याज आणि पैशाची मोकळीक ही उरलेली दोन्ही टोके आवळावी लागली, आणि तरीही महिनाअखेरीस रुपयाने ६८ ओलांडलाच. ती मर्यादा आज अडीच लाख डॉलर आहे, आणि खारघरहून मुलीची परदेशातली फी भरणाऱ्या पालकालाही ती लागू आहे. पैसा पूर्ण मोकळा न सोडल्यामुळेच आपल्याला रुपयाला थोडाफार आधार देता येतो आणि रेपो दरही आपला आपण ठरवता येतो.