दोन मिनिटं आधी सुटा, आणि बघा

अभिनंदन. तुम्ही एक बस घेतलीत आणि मार्गावर तुमच्यासारखाच एक बसचा मालकही आहे. त्याची बस दर तासाला ठोक्यावर सुटते. तुम्ही भोळेपणाने आपली अर्ध्यावर ठेवलीत, म्हणजे लोकांना दर तीस मिनिटांनी बस मिळते. थांब्यावर मिनिटाला एक माणूस येतो आणि जी बस आधी येईल तिच्यात चढतो, असं धरा. तासाचे साठ प्रवासी, तीस त्याचे, तीस तुमचे. म्हणजे तुमची निम्मी कमाई रोज दुसऱ्याच्या खिशात जाते आणि तुम्ही बघत बसता.

हे थांबवायचं असेल तर आधी एक गोष्ट लक्षात घ्या. आपल्या बसला किती माणसं मिळणार, हे आपण किती वाजता सुटतो यावर नाही, तर आपल्या आधीची बस किती वेळापूर्वी गेली यावर ठरतं. तेव्हा अर्ध्याचा हट्ट सोडा आणि अठ्ठावन्नला सुटा. त्याची बस ठोक्यावर गेली, त्यानंतर जमलेली अठ्ठावन्न माणसं तुमची. त्याला उरतात ती दोन: एक जो धावत धावत आला, आणि एक ज्याला तुमच्या बसचा रंग आवडत नाही.

घंटी द्या, निघा. आरशात त्याचा ड्रायव्हर दिसेल, इंजिन चालू ठेवून रिकाम्या थांब्याकडे बघणारा. हे दृश्य मनात साठवून ठेवा, कारण ते फार दिवस दिसणार नाही.

समोरचाही तुमच्याइतकाच हुशार निघतो. तो छप्पन्नला सुटायला लागतो. आता अठ्ठावन्न त्याचे, दोन तुमचे. यावर परत अर्ध्या तासाचं अंतर राखावं असा विचार मनात येईल. झटकून टाका. तसं केलं तर जेमतेम तीस मिळतील, आणि त्याच्या पुढे दोन मिनिटं सरकलात तर अठ्ठावन्न. शहाण्या माणसाने काय निवडावं हे सांगायची गरज नाही. तुम्ही चोपन्न. तो बावन्न. तुम्ही पन्नास.

असे पंधरा बदल झाले की पंधरावा तुमचा असतो, आणि तुम्ही पुन्हा बरोबर अर्ध्यावर येता, जिथून निघाला होतात तिथेच. फरक एवढाच, की आता त्याची बस बत्तीसला, तुमच्या मागोमाग. आणि तोही हिशेब करतोच आहे.

हा खेळ हवेतला नाही. ब्रिटनने लंडन वगळता बससेवा 1986 मध्ये खुली केली, तेव्हा प्रतिस्पर्ध्याच्या काही मिनिटं आधी सुटणं हे तिथे नेहमीचंच अस्त्र झालं. वेळ बदलायची तर 42 दिवस आधी कळवायचं, असा नियम होता. त्या हिशेबाने आपले पंधरा बदल 630 दिवसांचे झाले. पावणेदोन वर्षांच्या परिश्रमानंतर मूळ जागी! कुठल्या धंद्यात मिळते एवढी स्थिरता?

थांब्यावरच्या लोकांचं काय, असं कुणी विचारेल. अर्ध्या-अर्ध्या तासाच्या काळात त्यांना सरासरी पंधरा मिनिटं थांबावं लागे, आता अठ्ठावीस लागतात. बसगाड्या तेवढ्याच, ड्रायव्हर तेवढेच, डिझेलही तेवढंच. पण थांबणाऱ्याच्या वेळेचं बिल तुमच्या नावावर येत नाही, म्हणून ती बाब गौण.

एका धोक्याची मात्र खबरदारी घ्या: लहान बस घेऊ नका. बसमध्ये चाळीसच जागा असतील आणि उभ्याने कुणाला घेत नसाल, तर अठ्ठावन्नपैकी अठरा जण तुमच्या मागच्याकडे जातात. पुढे धावण्याचा फायदा तिथेच घटतो, तरी धावणं सुटत नाही, कारण चाळीस तीसपेक्षा जास्तच. जागा तीसच असतील तर मात्र पुढे सरकून काहीच हाती लागत नाही आणि भांडण सुरूच होत नाही. इतकी नीरस बस चालवून करायचं काय?

आणि कुणी मध्यस्थ येऊन म्हणाला, दोघांची कमाई एका पेटीत टाका आणि निम्मी-निम्मी वाटून घ्या, तर त्याला दारातूनच परत पाठवा. तसं केलं की अठ्ठावन्नला सुटा नाहीतर अठ्ठाविसाला, वाट्याला येणारे तीसच, मग सरकायचं कशाला? दोन्ही बस तीस-तीस मिनिटांवर ठेवायला कुणाचीच हरकत उरणार नाही, आणि आरशात रोज मोकळा रस्ताच दिसेल.