वॉलेटमधून बँकेत पाठवलेल्या ९,४०० रुपयांविषयीच्या तक्रारीला उत्तर

★☆☆☆☆ "तीन फेऱ्या मारायला लावल्या. वॉलेटमध्ये ९,४०० रुपये होते, बँकेत ९,०७८ आले. बाकीचे यांनीच खाल्ले, वर मदतीचे ५० रुपये वेगळे. आपलेच पैसे काढायला एवढे कागद कशाला?"

दुकानमालकाचे उत्तर:

नमस्कार ताई. आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल मी मनापासून दिलगिरी व्यक्त करतो. आपल्या तिन्ही फेऱ्यांच्या नोंदी आमच्या वहीत आहेत. त्या पाहूनच हे लिहीत आहे.

पहिल्या दिवशी पैसे गेले नाहीत, कारण आपले वॉलेट केवळ मोबाईल क्रमांकाची पडताळणी करून आणि ओळखपत्राचा क्रमांक स्वतः भरून उघडलेले होते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे अशा वॉलेटमध्ये कोणत्याही वेळी १०,००० रुपयांपेक्षा जास्त शिल्लक ठेवता येत नाही आणि त्यातील रकमेने खरेदी करता येते, मात्र ती बँक खात्यावर पाठवता येत नाही. संपूर्ण केवायसी झाल्यावरच पैसे पाठवण्याची सोय सुरू होते आणि शिल्लक २ लाख रुपयांपर्यंत ठेवता येते. ही अडवणूक दुकानाची नव्हती, पण अ‍ॅपमध्ये लाल पट्टी दिसताच आमच्या मुलाने आपल्याला फक्त "केवायसी करून या" एवढेच सांगितले आणि कारण सांगितले नाही, हे चुकले.

दुसऱ्या फेरीचा दोष मात्र पूर्णपणे आमचा आहे. व्हिडिओ केवायसीमध्ये वॉलेट कंपनीचा अधिकारी ग्राहकाशी थेट बोलतो, मूळ पॅन कार्ड कॅमेऱ्यासमोर धरायला सांगतो आणि काही प्रश्न विचारतो. त्या वेळी ग्राहकाला बाजूने कोणी उत्तर सुचवत असल्याचे दिसले, तर पडताळणी नाकारलीच पाहिजे, असा नियम आहे. आपण जन्मतारीख सांगताना जरा थांबलात आणि आमच्या मुलाने शेजारून ती सांगितली, म्हणून तो कॉल रद्द झाला. हेतू मदतीचा होता, परंतु त्यामुळे आपला एक दिवस वाया गेला. आता व्हिडिओ कॉल चालू असताना आमचे कोणीही ग्राहकाजवळ उभे राहत नाही.

तिसऱ्या दिवशी आधी पूर्ण ९,४०० रुपये पाठवण्याचा प्रयत्न केला आणि अ‍ॅपने "शिल्लक अपुरी" असे दाखवले. आपल्या वॉलेट कंपनीचे शुल्क पाठवलेल्या रकमेच्या ३ टक्के आहे, त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, आणि हे दोन्ही रकमेतून वजा न होता वॉलेटच्या शिलकीतून वेगळे घेतले जातात. जीएसटी शुल्कावर असतो, पाठवलेल्या रकमेवर नव्हे. म्हणून ९,०७८ रुपये पाठवले: त्यावर शुल्क २७२ रुपये ३४ पैसे आणि जीएसटी ४९ रुपये २ पैसे, असे मिळून ९,३९९ रुपये ३६ पैसे गेले, आणि ६४ पैसे आपल्या वॉलेटमध्येच राहिले. अ‍ॅपच्या व्यवहार-इतिहासात हे तपशील वेगवेगळे दिसतात. कृपया एकदा उघडून पाहावेत. ३२१ रुपये ३६ पैशांपैकी एकही पैसा आमच्याकडे आलेला नाही. आमचे केवळ ते ५० रुपये होते.

पण हिशेब बरोबर असला, तरी सल्ला बरोबर नव्हता, आणि मला याचेच सर्वांत जास्त वाईट वाटते. वॉलेटमध्ये पैसे कुठून आले, हे आम्ही पहिल्याच दिवशी विचारायला हवे होते. आपण ती सर्व रक्कम स्वतःच्याच बँक खात्याच्या डेबिट कार्डाने भरली होती आणि वॉलेट पुढे वापरायचेही नव्हते. केवायसी न झालेले वॉलेटसुद्धा ग्राहकाला केव्हाही बंद करता येते आणि उरलेली रक्कम जिथून भरली त्याच मूळ खात्यावर परत मागता येते. दुसऱ्या खात्यावर हवी असेल, तरच केवायसी लागते. हा मार्ग घेतला असता, तर आपली पडताळणीही वाचली असती आणि पाठवण्याचे शुल्कही. रक्कम रोखीने भरलेली असती, तर मात्र परत पाठवायला मूळ खातेच नसते आणि मग केवायसीशिवाय पर्याय उरला नसता.

केवायसी झाल्यामुळे आपण बँकेत रक्कम पाठवली आणि ती पोहोचलीही, त्यामुळे ते शुल्क आता कंपनीकडून परत मिळेल, अशी आशा मी दाखवणार नाही. तरीही शुल्क पाठवण्यापूर्वी स्क्रीनवर दाखवले नव्हते असे आपल्याला वाटत असल्यास कंपनीकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत समाधान झाले नाही, तर cms.rbi.org.in या संकेतस्थळावर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. अर्ज लिहायला मी स्वतः बसेन.

आपले ५० रुपये दुकानात बाजूला काढून ठेवले आहेत. त्यासाठी चौथी फेरी नको; आपण सांगाल त्या खात्यावर आजच पाठवतो.