ओकारी येईपर्यंत ४००? दहा किलोमीटरवाल्यांनी जरा थांबावं

«१० किमीचा टाइम कमी करायचाय? मग आठवड्यातून दोनदा ट्रॅकवर १२ × ४००, जीव तोडून. प्रत्येक रिपीटनंतर थांबा, दम पूर्ण खाली येऊ द्या, मगच पुढचा. मधे जॉग करणं म्हणजे फुकटची दमछाक. जितके जास्त रिपीट तितका व्हीओटू मॅक्स वाढणार. आणि शेवटी ओकारी आली नाही, तर वर्कआउट झालाच नाही असं समजा.»

गेल्या महिन्याभरात हा मेसेज मला तीन वेगवेगळ्या ग्रुपवर आला. वैताग असा, की यातला प्रत्येक शब्द मी स्वतः एकेकाळी पाळलेला आहे. दोन मोसम पाळला. चारशेचा टाइम झकास झाला, दहा किलोमीटरचा हलला नाही.

सुरुवात रिपीटच्या, म्हणजे परत परत पळायच्या त्या ४०० मीटरच्या धावेच्या, अंतरापासून करू, कारण बाकीचा घोळ तिथूनच निघतो. शरीराची ऑक्सिजन वापरायची कमाल पातळी, म्हणजेच व्हीओटू मॅक्स, दिव्याच्या बटणासारखी एकदम लागत नाही. पळायला लागलं की पायांना ऑक्सिजन लगेच हवा असतो, पण हृदय, रक्त आणि स्नायू मिळून तो पुरवठा चढवत नेतात. कमालीच्या जवळ पोहोचायला साधारण दीड ते दोन मिनिटं जातात. वेग फारच वाढवला तर चढण थोडी लवकर होते, पण तितक्याच लवकर पायही जड होतात. आपल्याला व्यायाम हवा आहे तो त्या वरच्या पातळीवर काढलेल्या मिनिटांचा. चढणीचा नव्हे.

आमच्या ग्रुपमधल्या एका मित्राचं उदाहरण घेतो. वय बेचाळीस, १० किमी ५० मिनिटांत, आठवड्याला ४५ किमी धावणं. त्यानं हा मेसेज प्रमाण मानून १२ × ४०० केले. पहिला १ मिनिट ३८ सेकंदांत, सातवा १:४५ला, शेवटचे चार १:५५च्या पुढे. मधे दोन-दोन मिनिटं कठड्याला धरून उभा. घाम, धाप, सगळं भरपूर. पण हिशेब मांडा: पावणेदोन मिनिटांच्या धावेत चढणीतच सव्वा ते दीड मिनिट गेलं, वर उरले पंधरा ते तीस सेकंद. बारा वेळा मिळून तीन ते सहा मिनिटं, एवढीच खरी कमाई. थांबल्यावर ऑक्सिजन पुन्हा खाली घसरला आणि पुढच्या रिपीटला चढण पुन्हा पायथ्यापासून.

आता त्याच माणसाला ४ × ४ मिनिटं द्या. प्रत्येक रिपीटमध्ये पहिलं दीड मिनिट चढणीत गेलं असं धरलं, तरी अडीच मिनिटं वर राहतात. चार वेळा मिळून दहा मिनिटं. एकूण जोरात पळणं आधी एकवीस मिनिटांचं होतं, आता सोळा. कमी पळून दुप्पट काम झालं. हे आकडे ढोबळ आहेत, प्रत्येकाची चढण वेगळी असते, पण दिशा बदलत नाही.

म्हणून रिपीट मीटरमध्ये नव्हे, मिनिटांत मोजा: तीन ते पाच मिनिटं. कुणा जलद धावपटूनं सांगितलेला १२००चा वर्कआउट उचलताना घोटाळा होतो तो इथेच. ३५ मिनिटांत १० किमी करणाऱ्याला १२०० मीटरला चार मिनिटं लागतात. तोच १२०० तासाभरात १० किमी करणाऱ्याला योग्य वेगानं साडेसहा-पावणेसात मिनिटांचा पडतो, आणि त्या वेगावर इतका वेळ चार-पाचदा टिकणं कुणालाच जमत नाही. मग तो नकळत वेग सोडतो आणि थ्रेशोल्डचा, म्हणजे जेमतेम तासभर टिकेल अशा वेगाचा, वर्कआउट करून घरी येतो. तासवाल्यानं ६००-८०० घ्यावेत, पन्नासवाल्यानं ८००-१०००. ट्रॅक नसेल तर घड्याळात चार मिनिटं लावून सपाट रस्त्यावर पळावं. मला तर तेच जास्त आवडतं.

आता «जीव तोडून». जो वेग तुम्ही शर्यतीत दहा-बारा मिनिटं धरू शकाल, साधारण त्या वेगाला ऑक्सिजन कमालीला टेकतो. त्याच्या वर गेलात तर जास्तीचा ऑक्सिजन येणार कुठून? छप्पर आहे ते. वरचा सगळा वेग ऑक्सिजनशिवायच्या खात्यातून येतो, आणि ते खातं लवकर रिकामं होतं. मित्राचे शेवटचे चार रिपीट बघा. त्याला या कामासाठी हवा असलेला वेग किलोमीटरला ४:४२च्या आसपास, म्हणजे ४०० मीटरला १:५३. सुरुवातीला तो पंधरा सेकंद जास्त जोरात पळाला, आणि शेवटी त्याच्याहूनही हळू. ज्या वेगासाठी वर्कआउट होता, तो वेग त्यानं येता-जाताच पाहिला.

हा वेग काढायला प्रयोगशाळा लागत नाही. ताज्या पायांनी ३ किमीची, म्हणजे ट्रॅकवर साडेसात फेऱ्यांची चाचणी द्या. ५० मिनिटवाल्याला ती चौदा मिनिटांच्या आत-बाहेर येईल. त्या पेसपेक्षा किंचित हळू, किंवा १० किमीच्या पेसपेक्षा किलोमीटरला पंधरा-वीस सेकंद जलद. धावपटू जितका वेगवान तितका हा फरक कमी होत जातो, पस्तीस मिनिटवाल्याला दहा सेकंदही पुरतात. घड्याळ दाखवतं तो व्हीओटू मॅक्सचा आकडा पेस आणि नाडीवरून बांधलेला अंदाज असतो, त्यावरून वेग ठरवू नका.

बरोबर चाललंय हे कसं कळतं? पहिल्या रिपीटला वाटतं, हे तर सोपं आहे. तसंच वाटायला हवं. तिसऱ्याच्या मध्यापासून बोलणं दोन शब्दांवर येतं. नाडी प्रत्येक रिपीटच्या दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटापासून कमालीच्या ९० ते ९५ टक्क्यांत जाते. पहिल्या मिनिटात ती कमी दिसली म्हणून वेग वाढवू नका, नाडी मागून येते. आणि शेवटचा रिपीट पहिल्यापेक्षा दोन-तीन सेकंदांच्या फरकात उतरतो. एप्रिल-मेच्या दमट सकाळी मुंबईत हीच नाडी कमी वेगाला लागेल. तेव्हा पेस सोडावा, श्वासावरून वेग ठरवावा.

मधल्या जॉगबद्दल मेसेज अगदीच उलटा आहे. जॉगमुळे दोन गोष्टी होतात. चालते स्नायू जोराच्या धावेत साचलेलं लॅक्टेट इंधन म्हणून वापरत राहतात, त्यामुळे ते लवकर निघतं. आणि ऑक्सिजनची पातळी पूर्ण कोसळत नाही, त्यामुळे पुढची चढण अर्ध्यातून सुरू होते. चार मिनिटांच्या रिपीटनंतर तीन मिनिटं जॉग पुरतो. आमच्या मित्राच्या बाबतीत किलोमीटरला साडेसात मिनिटं, म्हणजे बरोबर एक फेरी. पहिली वीस-तीस सेकंदं चाललात तरी बिघडत नाही. त्याहून जोरात जॉग मात्र नको. तिसरा रिपीट मंदावला की नव्वद टक्के वेळा दोष जॉगचा असतो, पायांचा नाही. उलट विश्रांती सहा मिनिटांची केली, तर पुन्हा तोच पायथा.

थांबून विश्रांती घेणं सरसकट चूक आहे असंही नाही. पूर्ण दम खाल्ल्यावर पुढचा रिपीट जास्त वेगात होतो हे खरंच आहे, आणि ८०० मीटरच्या धावपटूला नेमकं तेच हवं असतं. त्याचा वर्कआउट आपल्या ग्रुपमध्ये आला, एवढाच घोटाळा.

इथे कुणीतरी झाटोपेकचं नाव काढणारच. १९५२ला हेलसिंकीत ५,०००, १०,००० आणि मॅरेथॉन अशी तीन सुवर्णपदकं जिंकणारा हा माणूस ४००चे ढीग घालायचा, मग? घालायचा, पण मधे २०० मीटर जॉग करत. आणि संख्या इतकी असायची की प्रत्येक ४०० जीव तोडून पळणं शक्यच नव्हतं. लहान रिपीट चालतात, त्यांची अट एवढीच की विश्रांती तोकडी आणि हलती असावी. ४०० लाडके असतील तर १:५३ला पळा आणि मधे फक्त मिनिटभर जॉग करा. सहाव्यापासून ते ४०० वेगळेच वाटायला लागतील. नॉर्वेत २००७च्या एका प्रयोगात ४ × ४ मिनिटं (मधे ३ मिनिटं हलकी धाव) आणि १५ सेकंद जोरात-१५ सेकंद हलकं, असे दोन्ही गट होते. दोन्हींचा व्हीओटू मॅक्स वाढला, पहिल्याचा सुमारे ७ टक्के, दुसऱ्याचा साडेपाच. तितकीच मेहनत हळू वेगाने केलेल्या गटांचा मात्र हलला नाही.

त्या प्रयोगात आठवड्यातून तीनदा इंटरव्हल होते, मग आम्ही दोनदा का नको? तो आठ आठवड्यांचा प्रयोग होता, शर्यतीचा मोसम नव्हे. दहा किलोमीटर आपण व्हीओटू मॅक्सच्या वेगाच्या खालून पळतो, त्यामुळे आठवड्यातला दुसरा जड दिवस थ्रेशोल्डला किंवा १० किमीच्या पेसला द्यायला हवा. एका सत्रात किती, यासाठी अमेरिकन प्रशिक्षक जॅक डॅनियल्स यांची मर्यादा मला सगळ्यात व्यवहारी वाटते: आठवड्याच्या किलोमीटरच्या ८ टक्के किंवा १० किमी, यातलं जे कमी असेल ते. ४५ किमीचे ८ टक्के म्हणजे ३.६. चार मिनिटांत मित्र साधारण ८५० मीटर जातो, चार वेळा ३.४ किमी. बसलं. त्यानं हौसेनं सहा केले असते तर ५.१ किमी झाले असते, आणि ते वजन पोटऱ्या आणि टाचेमागची शीर उचलतात. मेसेजमधले १२ × ४०० म्हणजे ४.८ किमी, तेही याहून जास्त वेगात. आठवड्यातून दोनदा.

वर एक नियम मी स्वतःचा जोडतो: एखादा रिपीट सहा-सात सेकंदांनी मागे पडला की बूट सोडायचे. उरलेला एक रेटून काढलात, तर त्याची किंमत पुढच्या दोन दिवसांच्या हलक्या धावेत दिसते. नेहमीच्याच पेसला नाडी आठ-दहा ठोके वर.

ओकारीबद्दल फार लिहीत नाही. जोराच्या धावेत रक्त पोटाकडून पायांकडे वळतं. त्यात आधी पोहे उशिरा खाल्लेले असले, किंवा वेग छपराच्या फार वर गेलेला असला, की पोट उलटतं. ती न्याहारीची किंवा पेसची चूक आहे.

मित्रानं मग गुरुवार ठरवला. पंधरा मिनिटं हलकी धाव, शंभर मीटरच्या चार मोकळ्या धावा, ४ × ४ मिनिटं मधे एकेक फेरी जॉग, शेवटी दहा मिनिटं हलकं. पहिल्या दिवशी अंतरं आली ८६५, ८५५, ८४०, ८१०. म्हणजे पहिला अजूनही खाज म्हणून जोरात. तिसऱ्या आठवड्यात ८५०, ८५२, ८५०, ८४८. तेव्हा त्याची तक्रार अशी, की संपल्यावर अजून एक जमला असता असं वाटलं. पाचवा जोडायचा तो आठवड्याचे किलोमीटर ५५च्या जवळ गेल्यावर, आणि शर्यतीच्या आधीचा शेवटचा गुरुवार आठ-दहा दिवस आधीच उरकायचा, तोही तीन रिपीटचा.